दिवाळी सेलचा ३० सेकंदांचा व्हिडिओ: ऑफरची पाटी किती सेकंद ठेवायची आणि खालची बारीक अक्षरं कशी लिहायची?

पारोळा_पॉइंट
नमस्कार मंडळी. पारोळ्यातल्या एका घरगुती उपकरणांच्या दुकानासाठी दिवाळीचा व्हिडिओ करायचा आहे. ३० सेकंद, उभा, मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि रील्ससाठी. तोच पुढे लोकल केबलवरही चालवायचा असं मालकांचं म्हणणं आहे. कापसाचा पैसा हातात येतो त्याच दिवसांत हे चालणार, त्यामुळे चार ऑफर एकदम सांगायच्या आहेत. आवाज अहिराणी, पाट्या मराठी. कच्ची स्क्रिप्ट अशी:

० ते ४: दिवे, दुकानाची पाटी. आवाज: "यंदा दिवाईले नवा फ्रिज घर लई जा, भो!"
४ ते ९: "फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही: फ्लॅट ५०% सूट*"
९ ते १४: "प्रत्येक खरेदीवर मिक्सर मोफत*"
१४ ते १९: "शून्य टक्के व्याज, शून्य डाऊन पेमेंट*"
१९ ते २५: "जुना टीव्ही द्या, ₹५,००० पर्यंत वजा*"
२५ ते ३०: पत्ता, फोन. खाली सहा ओळींत इंग्रजी अटी, शेवटचे २ सेकंद.

खरी परिस्थिती सांगून टाकतो. ५०% फक्त दुकानात लावलेल्या ५ टीव्हींवर आहे, बाकी मालावर १० ते २२%. मिक्सर ₹२५,००० च्या वरच्या बिलावर. हप्त्याला फायनान्सवाल्यांची प्रोसेसिंग फी आहे. आता सांगा, अटी वाचता येतील अशा बसवायच्या कशा?

भरीत_पार्टी
खाली "*अटी लागू" टाका आणि मोकळे व्हा. सगळं त्यात येतं. सहा ओळी कोण वाचतं?

शेवभाजी_रस्सा
बारीक अक्षरांसाठी मुक्ता वापरा, बालूही छान दिसतो. दोन्ही फुकट आहेत. श्रीलिपीत टाइप केलेलं थेट प्रीमियरमध्ये पेस्ट करू नका, अक्षरं बदलतात. युनिकोडमध्ये असूनही ऱ्हस्व इकार भलतीकडे जात असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये `South Asian and Middle Eastern` निवडा.

पारोळा_पॉइंट
@शेवभाजी_रस्सा भाऊ, फॉन्ट नव्हता विचारला, पण इकाराचा त्रास चालूच होता. तो तरी गेला.

गिरणाकाठ
भरीतभाऊंच्या "अटी लागू"ने काही झाकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत. त्यात खुलाशाचं काम सरळ सांगितलंय: मुख्य दाव्याचा अर्थ स्पष्ट करायचा. दाव्याच्या उलट बोलायचं नाही आणि महत्त्वाची गोष्ट लपवायची नाही. वर "फ्लॅट ५०%" आणि खाली "फक्त निवडक ५ टीव्हींवर" असेल तर तो खुलासा नाही, ते खंडन झालं. अक्षर कितीही मोठं करा, सेकंद कितीही द्या, ती पाटी दुरुस्त होत नाही. आधी दावा बदलायला हवा, सेकंदांचा हिशेब त्यानंतर.

त्याच तत्त्वांतल्या आणखी दोन गोष्टी इथे लागू होतात. दावा ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासा, म्हणजे मराठी पाटीखाली इंग्रजी अटी चालत नाहीत. आणि दावा आवाजात असेल तर खुलासा त्या आवाजाबरोबरच पडद्यावर यायला हवा. तुमचा दावा पाचव्या सेकंदाला आणि अट अठ्ठाविसाव्याला, हे जमणार नाही.

चहा_कटिंग
हे सगळं मुंबईच्या मोठ्या कंपन्यांसाठी. तालुक्याच्या दुकानाला कोण विचारतंय?

गिरणाकाठ
तत्त्वं जाहिरातीला लागू आहेत, माध्यम कोणतंही असो. दुकानाच्या आकाराची सूट त्यात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेवढा पारोळ्यात कुणाला होईल असं मी म्हणत नाही. पण एखादं गिऱ्हाईक व्हिडिओ मोबाईलवर दाखवत ग्राहक आयोगात गेलं, तर तुमचीच फाईल तुमच्याविरुद्धचा पुरावा.

रेंडर_रात्र
सेकंदांचं मी सांगतो. जाहिरात मानक परिषदेचं, म्हणजे एएससीआयचं जुनं माप होतं ओळीमागे ४ सेकंदांपेक्षा जास्त. पुढे हिशेब शब्दांवर आला: दर दोन शब्दांना एका सेकंदाहून जास्त, एका फ्रेममध्ये एकच खुलासा, आणि तो जास्तीत जास्त दोन ओळींचा. मी दोन्ही मापं लावतो आणि जे मोठं येईल ते धरतो.

तुमच्या सहा ओळी घ्या. ओळीला आठ शब्द धरले तर अठ्ठेचाळीस शब्द, म्हणजे २४ सेकंदांच्या वर. व्हिडिओ ३० सेकंदांचा. उत्तर इथेच मिळालं: चार ऑफर या व्हिडिओत बसत नाहीत. अक्षर लहान करून किंवा ओळी पळवून ही बेरीज बदलत नाही.

मोजायचं कुठून, हेही बघा. पाटी उडत येते, फिरते, मग स्थिर होते. घड्याळ स्थिर झाल्यापासून सुरू आणि पुसट व्हायला लागली की बंद. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ५ सेकंद म्हणजे १२५ स्थिर फ्रेम. येण्या-जाण्याच्या बारा-बारा वेगळ्या. बऱ्याच जणांची टाइमलाइनवरची क्लिप ५ सेकंदांची असते आणि वाचता येणारा मजकूर ३ सेकंदांचा.

चहा_कटिंग
@रेंडर_रात्र एएससीआय सरकारी नाही ना? मग बंधन कसलं?

रेंडर_रात्र
सरकारी नाही, बरोबर. जाहिरात उद्योगाची स्वतःची संस्था आहे. पण केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मध्ये लिहिलंय की एएससीआयची संहिता मोडणारी जाहिरात केबलवर दाखवायची नाही. यांना लोकल केबलवर चालवायचंय, म्हणून तिथे ते लागतं. नुसत्या स्टेटसला नसतं लागलं तरी माप म्हणून ते चांगलंच आहे.

नंदुरबारी_मिरची
विषय थोडा वेगळा, पण विचारते. आमचं कपड्यांचं दुकान आहे. ₹२,००० च्या खरेदीवर कूपन आणि दिवाळीनंतर सोडतीत स्कूटर असं ठेवायचंय. त्याचं बारीक अक्षर कसं लिहायचं?

गिरणाकाठ
ताई, तिथे अडचण अक्षरांची नाही, योजनेचीच आहे. विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ ठेवणं हे २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. व्हिडिओ करण्याआधी वकिलाला दाखवा. आणि बक्षिसांची कोणतीही योजना संपल्यावर निकाल न कळवणं हीसुद्धा वेगळी अनुचित प्रथा आहे. सोडत काढली, फोटो ग्रुपवर टाकला आणि विषय संपला, असं होत नाही. सगळ्यांना ठरावीक सूट द्या, ते सुटसुटीत.

नंदुरबारी_मिरची
स्कूटरचा फ्लेक्स छापून झालाय 😐

भरीत_पार्टी
मागच्या बाजूने वापरा ताई, वांगी वाळत घालायला.

तापी_टोक
परत मूळ प्रश्नाकडे. तुमचं "१० ते २२% सूट" हेसुद्धा मला पटत नाही. सूट कशावर? फ्रिजची एमआरपी आणि रोजचा विक्रीभाव यांत बारा महिने अंतर असतं. एखाद्या फ्रिजची एमआरपी ₹२०,००० आहे आणि श्रावणात तो ₹१६,५०० ला जात होता. दिवाळीत ₹१६,००० ला दिला तर "२०% सूट" हे गणित खरं, पण गिऱ्हाईकाला सणाचे मिळाले फक्त ₹५००. पाटीवर "एमआरपीवर" हा शब्द मोठ्या अक्षरांतच हवा. त्याहून चांगलं म्हणजे टक्के सोडा आणि भाव लिहा. मॉडेलचं नाव, लिटर, दिवाळीचा भाव. भाव लिहिला की खाली खुलाशाला काही उरतच नाही, फक्त तारीख.

आणि एमआरपी सर्व करांसकट असते. एमआरपीवर सूट दाखवून बिलात वर जीएसटी वेगळा लावू नका, यावर ग्राहक न्यायालयांत दुकानदार हरलेले आहेत.

पारोळा_पॉइंट
भाव लिहिला की शेजारचा दुकानदार दुसऱ्या दिवशी शंभर रुपये कमी लिहितो. मालक भाव टाकू देणार नाहीत. "एमआरपीवर" मोठ्या अक्षरांत घेतो.

तापी_टोक
मग दुकानात तरी मॉडेलवार यादी लावा आणि ती खरंच लावलेली असू द्या. व्हिडिओत "यादी दुकानात" लिहायचं आणि विचारलं की "शेठ बाहेर गेले" म्हणायचं, असं नको.

अमळनेर_एसटी
मिक्सरवर कुणी बोललंच नाही. "प्रत्येक खरेदीवर" तर जाईलच. पण "मोफत"चा खरा पेच काउंटरवर आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "मिक्सर घरी आहे, त्याचे पैसे कमी करा." शेठ बाराशे कमी करतात. म्हणजे मिक्सरची किंमत फ्रिजमध्ये धरलेलीच होती. पॅकेजच्या किमतीत धरलेली वस्तू मोफत म्हणायची नाही, असं त्या २०२२ च्या तत्त्वांत आहे ना?

गिरणाकाठ
आहे. आणि ₹२५,००० ची अट खाली नको, वरच्याच पाटीत हवी. ती अट बारीक तपशील नाही, तोच व्यवहार आहे. "₹२५,००० च्या बिलावर मिक्सर मोफत" एवढी एकच पाटी.

तापी_टोक
अमळनेरभाऊंशी मी पूर्ण सहमत नाही. बाराशे कमी केले ती घासाघीस झाली. फ्रिज एकट्याचा भाव मिक्सर योजनेच्या आधी जेवढा होता तेवढाच असेल तर मिक्सर मोफतच आहे. योजनेच्या आधीच्या महिन्याची बिलं ठेवा, तीच सांगतील.

अमळनेर_एसटी
बिलं सांगतील, पण काउंटरवरचा माणूस उलटं सांगतो. "नको असेल तर कमी करतो" हे वाक्य ज्यानं रेकॉर्ड केलं त्याला बिलं दाखवून काय उपयोग?

रेंडर_रात्र
तुमचं चालू द्या. मी अक्षरांच्या उंचीचं सांगतो, कारण हा व्हिडिओ केबलवर गेला की नेमकं हेच बिघडणार आहे.

एएससीआयचं माप १०८० ओळींच्या चित्रात किमान १८ पिक्सेल आणि जुन्या ५७६ ओळींच्या चित्रात १२. पण ते इंग्रजी लहान अक्षरांच्या उंचीचं आहे. आपल्याकडे वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. मी शिरोरेषेपासून "म" च्या तळापर्यंत मोजतो आणि ते अंतर किमान म्हणून धरतो.

उभ्या व्हिडिओची रुंदी १०८० पिक्सेल. मोबाईलचा पडदा साधारण ६५ मिलिमीटर रुंद. म्हणजे १८ पिक्सेल तिथे जेमतेम १.१ मिलिमीटर दिसतात. नियमात बसतं, वाचता येत नाही. त्याच्या दुप्पट, ३६ घ्या. म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास.

आता गंमत बघा. हाच उभा व्हिडिओ जसाच्या तसा केबलवाल्याला दिला तर तो १९२० ची उंची ५७६ मध्ये बसवणार, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. ३६ चे झाले जेमतेम ११. किमान १२ पेक्षा कमी! त्यामुळे केबलसाठी आडवी आवृत्ती वेगळीच करायची. उभीच ताणून देऊ नका.

शेवभाजी_रस्सा
आणि रील्समध्ये खालच्या पट्टीत काही टाकू नका. तिथे नाव, मजकूर, गाण्याचं नाव येतं. खालचे साधारण चारशे पिक्सेल गेलेच म्हणून समजा. स्टेटसलाही खाली रिप्लायची जागा आणि कॅप्शन. म्हणून अट दाव्याच्या लगेच खाली, पडद्याच्या मध्यावर बसवा. तशीही ती दाव्याजवळच असायला हवी.

रंगाचंही बघा. दिवाळी म्हणून सगळे लाल पार्श्वभूमीवर पिवळं लिहितात. मोठ्या पाटीला चालतं. बारीक ओळीला व्हॉट्सअ‍ॅपने फाईल दाबली की लाल-पिवळ्याच्या कडा फुटतात, अनुस्वार गळतो आणि "पर्यंत"चा "पर्यत" होतो. गडद सपाट पट्टीवर पांढरं, मध्यम जाडी. मागे फुलबाज्या उडत असतील तर पट्टी पारदर्शक ठेवू नका.

भरीत_पार्टी
फॉन्टवाले भाऊ कामाचे निघाले 😄 बरं, शून्य टक्के हप्त्याचं काय? सगळ्यात जास्त फोन त्यालाच येतात.

गिरणाकाठ
म्हणूनच तो या व्हिडिओतून काढा. "शून्य टक्के व्याज" असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय. व्याज कुठेतरी असतंच. कंपनी किंवा दुकान ते सूट म्हणून उचलतं. शिवाय प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी, आणि काही योजनांत व्याजाच्या भागावरचा जीएसटीही गिऱ्हाईकाकडे येतो. हे सगळं खरं सांगायचं तर त्याला स्वतंत्र व्हिडिओ हवा: किंमत, हप्ता गुणिले महिने, फी, एकूण किती भरणार. "शून्य" हा शब्द न वापरता.

चहा_कटिंग
सगळंच काढलं तर जाहिरातीत उरलं काय, दिवे?

रेंडर_रात्र
पुष्कळ उरतं. पॉइंटभाऊ, तुमच्याच मालावर बसवून दाखवतो. एका ऑफरला एक खोली, अट त्याच खोलीत.

० ते ४: दिवे, दुकानाचं नाव, अहिराणी ओळ. दावा नाही, म्हणून अट नाही.

४ ते १४: पाटी "फ्रिज, वॉशिंग मशीन: एमआरपीवर १० ते २२% सूट". लगेच खाली दोन ओळी: "टक्के मॉडेलनुसार, यादी दुकानात लावली आहे." आणि "१० नोव्हेंबर २०२६ पर्यंत." दहा शब्द. शब्दांनी पाच सेकंद, ओळींनी आठच्या वर. म्हणून ९ सेकंद स्थिर, येणं-जाणं अर्धा-अर्धा सेकंद.

१४ ते २०: पाटी "५ टीव्ही, एमआरपीच्या निम्म्यात". खाली एक ओळ: "दुकानात लावलेले नग. ५ संपले की ऑफर संपली." आठ शब्द, ५ सेकंद स्थिर.

२० ते २६: पाटी "₹२५,००० च्या बिलावर मिक्सर मोफत". खाली: "एका बिलावर एकच. १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत." सात शब्द, ५ सेकंद.

२६ ते ३०: पत्ता, फोन.

तारखेत वर्ष टाकाच. "भाऊबीजेपर्यंत" लिहिलेला व्हिडिओ पुढच्या दिवाळीत कुणीतरी फॉरवर्ड करतंच. आणि टीव्हीची खोली आधी-नंतर सरळ कटने जोडा, विरघळवू नका. पाच टीव्ही दुसऱ्याच दिवशी गेले तर ते ६ सेकंद उचलून बाजूला ठेवता आले पाहिजेत. दोन फाईली आजच काढून ठेवा, टीव्हीसकट २९-३० आणि टीव्हीशिवाय २४.

अमळनेर_एसटी
टीव्हीच्या ओळीत "५" दोनदा आलाय. आणि "२९-३०" काय, ३० च आहेत की. बाकी पाटी मस्त.

रेंडर_रात्र
३० च. आणि "५" मुद्दाम दोनदा. पाच टीव्हींसाठी अख्ख्या तालुक्याला बोलवायचं असेल तर आकडा वरच हवा. पुरेसा माल नसताना आमिष म्हणून ऑफर दाखवू नका, असंही त्या तत्त्वांत आहे. आकडा मोठ्या अक्षरांत असला की येणारा माणूस समजून येतो.

पारोळा_पॉइंट
हे जमतंय. जुन्या टीव्हीच्या बदल्याची ऑफर काढली, तिची वेगळी इमेज करतो. एक अडलंय. आवाज अहिराणी आहे. दावा आवाजात अहिराणीत आणि अट पडद्यावर मराठीत, मग "त्याच भाषेत" याचं काय?

भरीत_पार्टी
अट अहिराणीत लिहा: "पाच टीवी सरनात, ते ऑफर सरनी." याच्याइतकं स्पष्ट काय शे?

तापी_टोक
आणि भुसावळ-यावलकडे गेला व्हिडिओ तर? तिकडे लेवा बोली. मग त्यांची वेगळी अट?

गिरणाकाठ
बोलीबद्दल तिथे काही वेगळं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मी असं करेन: आकडे, टक्के, अट आणि तारीख असलेली प्रत्येक ओळ आवाजातही मराठीतच घ्यायची, पाटीवर आहे तशीच. अहिराणी फक्त पहिल्या ४ सेकंदांत आणि शेवटी पत्त्याला, जिथे दावा नाही.

अमळनेर_एसटी
त्याने मजाच जाते. खान्देशात ऑफर अहिराणीत ऐकली तर माणूस थांबतो. मराठी आवाज सगळ्यांचाच असतो. पडद्यावर दावाही मराठी आणि अटही मराठी असली म्हणजे पुरे, असं माझं मत.

शेवभाजी_रस्सा
तसंही अर्धे लोक स्टेटस आवाज बंद करून बघतात. शेवटची तपासणी तशीच करा: फाईल व्हॉट्सअ‍ॅपने दुसऱ्या मोबाईलवर पाठवा, शक्यतो स्वस्तातल्या. स्टेटसला लावा, आवाज बंद, हात लांब करून एकदाच बघा. मग ज्यानं स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा माणसाला विचारा, मिक्सर कितीच्या बिलावर आहे आणि टीव्ही किती आहेत. लिहिणाऱ्यानं स्वतः बघू नये, त्याला पाठ असतं.

पारोळा_पॉइंट
दावे मराठी आवाजात आणि अहिराणीत अशा दोन आवृत्त्या काढून मालकांपुढे ठेवतो. "फ्लॅट" काढलं म्हणून ते आधीच नाराज आहेत. केबलवाल्याला आडवी फाईल २५ फ्रेमवरच द्यायची ना?

रेंडर_रात्र
हो, २५. ५७६ वर उतरवून "म" पुन्हा मोजा, आडव्यात १०८० वर ३६ असेल तर तो १९ येतो, पुरेसा आहे. आणि केबलवाल्याला विचारा, त्याची खालची फोन नंबरची सरकती पट्टी किती उंच आहे. ती नेमकी अटीवर बसते.